जादा कामाला नकार देणारे पत्र

पुण्यातील एका तीन जणांच्या स्टुडिओने आपल्या क्लायंटला लिहिलेले पत्र आमच्याकडे वाचायला पाठवले आणि नावे गाळून ते छापायला परवानगीही दिली. काम आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचे आहे. एका निवासी इमारतीची सहा स्थिर दृश्ये आणि साठ सेकंदांचा वॉकथ्रू. क्ले रेंडर मंजूर झाले, कॅमेरे लॉक झाले, फायनल रेंडर गेले आणि त्यानंतर बदल सुरू झाले. बाल्कनीचे काचेचे रेलिंग एमएसचे करा. एलिव्हेशनचा रंग बदला. रेलिंग पुन्हा काचेचेच ठेवा. हे सगळे करून दिल्यावर व्हॉट्सॲपवर आणखी एक निरोप आला: सहाही दृश्ये संध्याकाळची हवीत, क्लबहाउसचे तीस सेकंद वाढवा आणि गच्चीवर स्विमिंग पूल दाखवा. ‘त्यातच बसवून द्या.’

स्टुडिओने आधी फोन केला आणि त्याच दिवशी ई-मेलने पत्र पाठवले. त्यातला मुख्य भाग असा:

‘मा. महोदय, सप्रेम नमस्कार. आज फोनवर बोलल्याप्रमाणे लिहीत आहोत. वर्क ऑर्डरप्रमाणे सहा दृश्ये आणि साठ सेकंदांचा वॉकथ्रू ठरलेल्या तारखेला आपल्या हाती देऊ. क्ले मंजुरीनंतर बदलांचे दोन राउंड ठरले होते, आपण सुचवलेले तीन झाले. लिफ्ट लॉबीची खिडकी ड्रॉइंगमध्ये असून आमच्याकडून राहिली होती. ती दुरुस्ती आमची असल्याने या मोजणीत धरलेली नाही. तिसऱ्या राउंडचे वेगळे बिल आम्ही लावत नाही. मात्र संध्याकाळची सहा दृश्ये आणि क्लबहाउसचे तीस सेकंद हे नवे काम आहे. लाँचच्या तारखेआधी ते नीट होणार नाही, म्हणून आम्ही ते स्वीकारू शकत नाही. ब्रोशरच्या मुखपृष्ठासाठी एक दृश्य संध्याकाळचे हवे असल्यास त्याचे वेगळे कोटेशन सोबत जोडले आहे. गच्चीवरील पूल आम्हाला दिलेल्या मंजूर नकाशात नाही, तेव्हा तो दाखवता येणार नाही. कळावे, लोभ असावा.’

हे पत्र आम्हाला भावले, कारण त्यात हिशेब आहे आणि तक्रार नाही. आधीच्या बदलांनी झालेला मनस्ताप कुठेही उगाळलेला नाही. स्वतःची चूक स्वतःच बाजूला काढल्यामुळे उरलेल्या तीन राउंडांवर वाद घालायला समोरच्याला जागा उरली नाही. दुरुस्ती, ठरलेला बदल आणि नवे काम या तीन गोष्टी आपल्याकडे एकाच ‘करेक्शन’ नावाखाली जातात. ड्रॉइंगमध्ये होते आणि आपण केले नाही, ती दुरुस्ती. ती कितीही वेळा फुकटच करावी लागते. मंजूर झालेली गोष्ट क्लायंटने फिरवली, तो बदल. वर्क ऑर्डरमध्ये नव्हतेच, ते नवे काम. पत्र लिहायला बसण्याआधी सगळे निरोप आणि मार्कअप या तीन ढिगांत वाटून घ्या. तारीखवार लिहिलेली ती यादीच पत्राचा कणा असते.

या पत्रात एक उणीव मात्र आहे. बदलांना आणि नव्या कामाला वेळ का लागतो, हे क्लायंटला त्यातून कळत नाही. त्याला पडद्यावर फक्त एक रेलिंग दिसते. या स्टुडिओचा वॉकथ्रू सेकंदाला पंचवीस फ्रेमचा, म्हणजे एकूण 1500 फ्रेम. एका फ्रेमला दहा मिनिटे धरली तर 250 मशीन-तास होतात. रेलिंग साधारण 900 फ्रेममध्ये दिसते. एकदा बदलायला 150 तास आणि परत काचेचे करायला, मधल्या रंगबदलामुळे जुन्या फ्रेम चालत नसल्याने, आणखी 150. स्टुडिओत मशीन दोनच. म्हणजे प्रत्येक वेळी तीन दिवस-रात्र दोन्ही मशीन त्याच कामात अडकतात आणि तेवढ्या वेळात दुसरे काम रेंडरला टाकता येत नाही. ‘या बदलाला दोन मशीन तीन दिवस लागतात’ एवढे एक वाक्य पत्रात हवे होते.

रंगाचे वेगळे असते. क्रिप्टोमॅटचा पास काढून ठेवला असेल तर भिंतीची छटा कंपोझिटिंगमध्ये थोडीफार हलवता येते. पण रंग पूर्ण बदलला की भिंतीवरून बाल्कनीच्या छतावर पडलेला जुन्या रंगाचा उजेड तसाच राहतो आणि जाणकाराला तो लगेच खटकतो. काचेच्या जागी लोखंड आले तर मास्कने भागतच नाही. आरपार दिसणे, प्रतिबिंब, सावली, सगळेच बदलते.

सर्वांत जास्त गैरसमज संध्याकाळच्या दृश्याबद्दल असतो. ‘फक्त लाइट बदलायचा आहे’ असे क्लायंट अगदी मनापासून म्हणतो. लाइट मिक्सने दिव्यांची तीव्रता आणि रंग रेंडरनंतर बदलता येतात हे खरे, पण ते दिवे सीनमध्ये असावे लागतात. दिवसाच्या दृश्यात खिडक्यांमागे बहुधा रिकाम्या खोल्या असतात. संध्याकाळी त्याच खिडक्या उजळतात, तेव्हा आत पडदे, भिंती, छत, थोडेफार फर्निचर लागते. लँडस्केपचे दिवे, रस्त्यावरचे खांब, गाड्यांचे हेडलाइट लावावे लागतात. शेकडो लहान दिव्यांमुळे नॉइज वाढतो आणि तो घालवायला रेंडरचा वेळही वाढतो. त्यामुळे ‘एक दृश्य देऊ, सहा नाही’ हा स्टुडिओचा पर्याय अगदी रास्त होता.

पुलाचा मुद्दा पैशांचा नाहीच. रेरा कायदा, 2016 च्या कलम 12 प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर भरपाई प्रवर्तकाने द्यायची असते. आपले रेंडर त्याच जाहिरातीत छापले जाते. म्हणून मंजूर नकाशात नसलेली गोष्ट दाखवायला नकार देताना दर सांगू नये. दर सांगितला की ती गोष्ट विकत मिळते असा अर्थ निघतो. या स्टुडिओने पुलापुढे आकडा लिहिला नाही, हे योग्यच केले. सुधारित नकाशा मंजूर झाल्यावर पुन्हा बोलू, एवढे मात्र जोडायला हवे होते.

आता वेळेबद्दल. जादा कामातला एक तुकडाही करण्याआधी पत्र जायला हवे. ‘एक टेस्ट तर दाखवा’ म्हटल्यावर रात्री बसून एक संध्याकाळचे दृश्य कच्चे पाठवले, तर दुसऱ्या दिवशी उरलेली पाच कधी मिळणार असाच प्रश्न येतो. पत्र निर्णय घेणाऱ्या माणसाला लिहावे आणि प्रत आर्किटेक्टला द्यावी, कारण बरेचदा मार्केटिंगच्या माणसाने मागितलेली गोष्ट त्या दोघांना माहीतच नसते. सारखी दिलगिरी नको, ‘सध्या फार काम आहे’ ही सबब तर नकोच. काम कमी झाले की तीच मागणी परत येते.

तिसऱ्या राउंडचे बिल सोडून देणे आम्हाला पटले नाही. सूट द्यायची तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सूट दाखवावी, म्हणजे पुढच्या कामात ती गृहीत धरली जात नाही.

वाचकांना विनंती आहे, की पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये तीन गोष्टी आधीच लिहून घ्या: क्ले आणि कॅमेऱ्याची मंजुरी ई-मेलनेच मिळेल, त्यानंतर बदलांचे किती राउंड होतील आणि त्यापुढच्या प्रत्येक राउंडचा दर काय. या स्टुडिओच्या वर्क ऑर्डरमध्ये पहिल्या दोन होत्या, तिसरी नव्हती.