एका नावाच्या दोघी



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका कार्यकर्तीच्या भावजयीला बाळंतपणासाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा सोबत मीही होते. तिचं नाव इथे बदलून लिहिते. समजा, सुनीता संजय पवार. नववा महिना, चेहरा पांढराफटक, चार पावलं चालली की धाप लागायची. वॉर्डात तिला खाट मिळाली आणि थोड्या वेळाने पलीकडच्या खाटेवर आणखी एक बाई आली. तीही सुनीता संजय पवार.

दोघी हसल्या. आयाबाईंनी लगेच नावं पाडली, ‘वाडीची सुनीता’ आणि ‘स्टँडजवळची सुनीता’. तोंडी व्यवहाराला तेवढं पुरेसं होतं. पण वाडी आणि स्टँड रक्ताच्या नळीवर कोणी लिहीत नाही.

सकाळी मुलगी रक्त घ्यायला आली. तिने दारातूनच विचारलं, “सुनीता पवार कोण?” दोघींनी ‘मी’ म्हटलं. तिने दोघींचं रक्त घेतलं, नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि टेबलाशी जाऊन त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दुपारी रिपोर्ट आले. आमच्या सुनीताचं हिमोग्लोबिन ११.२, रक्तगट बी पॉझिटिव्ह. पलीकडचीचं ६.४, गट ओ पॉझिटिव्ह. तिला रक्त चढवायचं ठरलं आणि आमच्या सुनीताला ‘सगळं ठीक आहे’ असं सांगण्यात आलं.

थांबवलं ते दुपारपाळीच्या सिस्टरांनी. त्यांनी आमच्या सुनीताची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, “हे अकराचे डोळे नाहीत.” मग तिचं गावाकडचं माता-बाल कार्ड मागितलं. त्यावर तिचा गट ओ लिहिलेला होता. माणसाचा रक्तगट काही आठवड्यांत बदलत नाही. म्हणजे चुकली होती ती नळी. दोघींचं रक्त पुन्हा घेतलं. रिपोर्ट खरोखरच उलटे झाले होते.

यात काय घडू शकलं असतं ते नीट समजून घेऊ या. जिला रक्ताची गरज होती, ती रक्ताशिवाय राहिली असती, हा पहिला धोका. दुसरा त्याहून भयंकर. बाळंतपणात तिला रक्तस्राव झाला असता, तर घाईत त्या रिपोर्टवरून बी गटाची पिशवी आली असती. ओ गटाच्या माणसाच्या शरीरात बी गटाच्या रक्ताविरुद्धची द्रव्यं आधीपासूनच असतात. ती बाहेरून आलेल्या पेशी फोडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. पिशवी देण्याआधी रक्तपेढी रक्त जुळवून पाहते हे खरं. पण तपासणीला गेलेली नळीच दुसरीची असेल, तर ते जुळवणं दुसरीशीच होतं!

मी घरी आल्यावर विचार करत बसले. हे बायकांच्या बाबतीत जास्त का व्हावं? या दोघींचीच माहेरची नावं पाहा. एकीच्या नावामागे वडिलांचं नाव दगडू, दुसरीच्या नावामागे पांडुरंग. आडनावंही वेगळी. लग्नाआधी कोणीही त्यांच्यात गोंधळ केला नसता. लग्नानंतर दोघींच्या नावांतले दोन भाग बदलले आणि दोघींच्याही वाट्याला एक संजय व एक पवार आला. वेगळेपण होतं ते माहेरीच राहिलं.

मग जन्मतारखेवरून ओळखावं, तर तिथेही गंमत आहे. दोघींची जन्मतारीख १ जून! आपल्याकडे जन्माची नोंद नसलेल्या कितीतरी मुलांना शाळेत घालताना गुरुजींनी हीच तारीख लिहिली. दोघींच्या सालात एका वर्षाचा फरक होता, पण घाईच्या नजरेला १ जून तेवढं दिसतं.

यावर उपाय नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेच्या सूचना दिल्या, त्यात सांगितलं आहे की रुग्णाची ओळख निदान दोन खुणांनी पटवावी आणि खोलीचा क्रमांक ही खूण धरू नये. खाटेचंही तेच, कारण खाटा बदलतात. आमच्या दोघींसारख्यांच्या बाबतीत दोन खुणा म्हणजे पूर्ण नाव आणि केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक दोघींना एकच असू शकत नाही. नळीवर चिठ्ठी लावायची ती खाटेशीच, बाईच्या समोर, दुसरीकडे वळण्याआधी. आणि ‘तुम्हीच सुनीता ना?’ असं विचारायचं नाही. घाबरलेली, कळा देणारी बाई कशालाही हो म्हणते. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं. एका नावाच्या दोघी वॉर्डात असल्या की दोघींच्याही केसपेपरवर लाल अक्षरांत ‘याच नावाची दुसरी रुग्ण आहे’ असं लिहायचं. एकीच्याच पेपरवर लिहिलं तर दुसरीचा हातात घेणाऱ्याला काहीच कळत नाही.

शाळेतही हाच प्रकार. एका वर्गात एका नावाच्या दोन मुली असल्या की बाई ‘मोठी’ आणि ‘छोटी’ म्हणतात, किंवा हजेरी क्रमांकावर भागवतात. पण हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. शाळेच्या जनरल रजिस्टरचा क्रमांक ती शाळा सोडेपर्यंत बदलत नाही आणि दाखल्यावरही तोच येतो. शिष्यवृत्तीच्या यादीत नावासमोर तो क्रमांक आणि आईचं नाव असलं, तर एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात जाणार नाहीत. कचेरीतही पगार आणि भविष्यनिर्वाह निधी यांची नोंद क्रमांकानेच पाहावी.

इथे एक सावधगिरी सांगते. गोंधळ टाळायचा म्हणून नावातच फेरफार करू नका. एखादा कारकून सुचवतो, ‘सुनीता ब असं लिहू या’. मग ते नाव आधारशी जुळत नाही, बँकेशी जुळत नाही आणि त्या बाईला पुढे प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. नाव कागदावर आहे तसंच राहू द्यावं. वेगळेपणाची खूण वेगळ्या रकान्यात लिहावी.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली निर्णय केला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव यावं. आईच्या नावाला कागदावर जागा मिळाली म्हणून आपल्याला आनंद आहेच. शिवाय नावात एक जास्तीचा भाग आला की दोन नावं तंतोतंत सारखी निघणं अवघड होतं. मात्र विवाहित बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव व आडनाव लिहिण्याची रीत त्या निर्णयाने बदललेली नाही. म्हणजे आमच्या दोघी सुनीतांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी केसपेपरवर माहेरच्या नावाची एक ओळ असती तरी पुरली असती.

आमच्या सुनीताला संध्याकाळी रक्त चढवलं. पिशवी लावताना सिस्टरांनी तिला पूर्ण नाव विचारलं, केसपेपरचा क्रमांक पिशवीच्या कागदाशी ताडून मोठ्याने वाचला. तिसऱ्या दिवशी तिला मुलगी झाली. पलीकडचीलाही मुलगीच. दोन्ही बाळांच्या मनगटावरच्या पट्टीवर आईचं नाव एकच होतं. मी वाकून खालचा क्रमांक वाचला, आणि सुनीताला म्हटलं, हा पाठ करून ठेव. ती म्हणाली, “ताई, कधीच केलाय.”