‘रेट कळवा’ एवढ्याने भागत नाही

परदेशातून पहिली ऑर्डर आली की आपल्याकडे घरोघरी कुंदा वाटला जातो. वाटावाच. पण माल कारखान्यातून बंदरापर्यंत आणि तिथून पुढे समुद्रापार न्यायचा तर भाडे किती पडेल, हे शिपिंग एजंटला विचारायची वेळ दुसऱ्याच दिवशी येते. ते विचारायचे कसे, यावर त्या ऑर्डरीतला नफा बराचसा ठरतो. वाणिज्य शाखेत आम्ही ‘कोटेशन मागविणे’ हा पत्राचा नमुना शिकवतो. त्या नमुन्यात मालाची खरी माहिती भरली नाही, तर उत्तर येते खरे, पण कामाचे येत नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे उदाहरण देतो. उद्यमबागेत त्याचे छोटे मशीन शॉप आहे. पंपाची बिडाची कास्टिंग्ज मशीनिंग करून जर्मनीत हॅम्बुर्गला पाठवायची होती. त्याने तीन एजंटांना एकच ओळ लिहिली : ‘बेळगाव ते हॅम्बुर्ग, पंपाचे सुटे भाग, ६ पॅलेट, रेट कळवा.’ तिघांचीही उत्तरे आली. एकाने दर घनमीटरवर दिला, दुसऱ्याने टनावर, तिसऱ्याने नुसताच एक ठोक आकडा. सर्वांत स्वस्त कोण, हे त्या तीन कागदांवरून कुणालाच सांगता आले नसते.

दोष एजंटांचा नव्हता. माल कंटेनरभर नसेल तर तो इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये, भागीत जातो. याला एलसीएल म्हणतात. इथे भाड्याचा हिशेब वजन आणि जागा या दोहोंवर होतो. १,००० किलो एक एकक, १ घनमीटर एक एकक. दोन्हींत जो आकडा मोठा, त्यावर भाडे. आपल्याकडे गोडाऊनचा हमालसुद्धा दोन्ही विचारतो : ‘तूका एष्टु? जागा एष्टु?’ चुरमुऱ्याचे पोते जागा खाते, बिडाचा तुकडा वजन खातो. जहाजावरही तेच.

आता त्याच्या मालाचा हिशेब पाहू. प्रत्येक पॅलेट ११० सेंटिमीटर लांब, ९० रुंद आणि ८० उंच. म्हणजे ०.७९२ घनमीटर. सहांचे मिळून ४.७५ घनमीटर. प्रत्येक पॅलेटवर ९०० किलो माल, पॅलेट व पट्ट्या धरून ९५०. सहांचे एकूण ५,७०० किलो, म्हणजे ५.७ टन. मोठा आकडा ५.७, तेव्हा भाडे त्यावरच. ज्या एजंटाने नुसत्या जागेवर अंदाज बांधला होता, त्याचे बिल प्रत्यक्षात २० टक्क्यांनी वाढले असते. म्हणून लांबी, रुंदी, उंची पॅकिंग झाल्यावरच टेपने मोजावी आणि वजन पॅलेटसकट लिहावे. पॅलेट एकावर एक ठेवता येतील की नाही, हेही कळवावे. ठेवता येत नसतील, तर वरची रिकामी जागाही भाड्यात धरली जाऊ शकते.

दुसरी गोष्ट, खर्च कुणी कुठपर्यंत करायचा. एफओबी न्हावा शेवा असे ठरले असेल, तर समुद्रभाडे गिऱ्हाइकाचे. आपण फक्त जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च विचारायचा. याची ऑर्डर सीएफआर हॅम्बुर्ग होती, म्हणजे समुद्रभाडे त्याच्या माथी. इथे एक मेख असते. भागीतल्या मालाच्या कोटेशनमध्ये समुद्रभाडे कधीकधी अगदी नाममात्र दिसते आणि कसर पलीकडच्या बंदरात भरून निघते. तिथे कंटेनर उघडणे, माल वेगळा करणे, कागदपत्रे देणे यांचे पैसे माल सोडवणाऱ्याकडून घेतात. आपल्याला स्वस्त पडले म्हणून आपण खूश, आणि तिकडे गिऱ्हाईक वैतागलेले. दुसरी ऑर्डर अशानेच जाते. म्हणून खर्च तीन भागांत वेगळा मागावा : इकडचा, समुद्राचा आणि तिकडचा.

तिसरी गोष्ट तारखांची. त्याच्या एलसीमध्ये माल जहाजावर चढवण्याची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट होती. बँक पाहते ती बिल ऑफ लेडिंगवर माल जहाजावर चढल्याची नोंदलेली तारीख. बेळगावहून ट्रक कधी सुटला, माल बंदराजवळच्या गोदामात कधी पोचला, याला तिथे अर्थ नाही. गोदाम माल घेणे जहाज सुटण्याच्या काही दिवस आधीच बंद करते. ती वेळ हुकली, की पुढच्या जहाजाची वाट पाहायची. म्हणून माल तयार होण्याची आणि जहाजावर चढण्याची शेवटची, अशा दोन्ही तारखा पत्रात हव्यात. कोटेशनची मुदतही त्या दिवसापर्यंत मागावी. १५ ऑगस्टला संपणारा दर २५ तारखेच्या जहाजाला काय कामाचा?

मार्गही विचारून घ्यावा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला आणि दरांवर जादा आकार चढले. म्हणून जादा आकार धरले आहेत की वर लागणार, हे आधीच लिहून घेतलेले बरे.

हे सारे धरून त्याने दुसरे पत्र लिहिले. पाठवले इंग्रजीत, मजकूर असा :

‘कृपया पुढील मालासाठी एलसीएल भाड्याचे कोटेशन द्यावे. माल : पंपाचे बिडाचे सुटे भाग, एचएस कोड ८४१३ ९१, धोकादायक नाही. पॅकिंग : ६ लाकडी पॅलेट, उष्णता-प्रक्रियेचा शिक्का असलेली; प्रत्येकी ११० x ९० x ८० सें.मी., वजन ९५० किलो; एकावर एक ठेवता येणार नाहीत. एकूण ५,७०० किलो, ४.७५ घनमीटर. मार्ग : बेळगावहून न्हावा शेवामार्गे हॅम्बुर्ग, सीएफआर. माल तयार : १० ऑगस्ट. जहाजावर चढण्याची शेवटची तारीख : ३१ ऑगस्ट. कारखान्यापासून जहाजापर्यंतचा खर्च, समुद्रभाडे आणि हॅम्बुर्गला माल घेणाऱ्याकडून घेतले जाणारे आकार वेगवेगळे दाखवावेत. जहाज सुटण्याच्या तारखा, गोदामात माल घेण्याची शेवटची वेळ, प्रवासाचे दिवस आणि दराची मुदत कळवावी.’

पत्रातल्या शिक्क्याबद्दल एक शब्द. युरोपात तो नसलेले लाकूड बंदरात अडते, तेव्हा तसे पॅलेट आधीच घ्यावेत.

पुन्हा तिघांची उत्तरे आली, आणि या वेळी ती शेजारी शेजारी मांडता आली. पहिल्या फेरीत सर्वांत स्वस्त वाटलेल्या एजंटाचे समुद्रभाडे अजूनही कमीच होते, पण हॅम्बुर्गचे आकार सर्वांत जास्त होते. शिवाय त्याचे जहाज २९ तारखेचे, म्हणजे दोन दिवसही उशीर झाला की एलसी धोक्यात. त्याने मधल्या दराच्या एजंटाला काम दिले. त्याच्याकडे १९ आणि २६ तारखेची, अशी दोन जहाजे होती. एक हुकले तर दुसरे हाताशी. शेवटी स्वस्त काय, हे आकड्यापेक्षा त्या सात दिवसांनी ठरवले.