मूड साहेबांचा, ताण सगळ्यांचा

‘आज साहेबांचा मूड कसा आहे?’ तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत, दवाखान्यात किंवा दुकानात नोकरी करणाऱ्या किती तरी मैत्रिणींचा दिवस या एका प्रश्नाने सुरू होतो. कडक साहेब परवडतो. तो रोजच कडक असतो, त्यामुळे कुठे सांभाळायचं ते कळतं. पण काल ज्या कामाला ‘शाब्बास’ मिळाली, त्याच कामाचा कागद आज भिरकावला जात असेल, तर माणसाने वागायचं तरी कसं?

मग सगळा स्टाफ हवामान खात्यासारखा अंदाज बांधायला शिकतो. गाडी नीट लावली की आडवी? चहा पूर्ण घेतला की अर्धा ठेवला? केबिनमधून बाहेर आलेल्या शिपाईमामांनी नुसती मान हलवली, तरी आतला निरोप कळतो. माझ्या ओळखीतल्या एका पतसंस्थेतल्या दोघींनी तर महिनाभर कॅलेंडरवर खुणा केल्या. मॅनेजर तापले, त्या दिवशी टिंब. महिन्याअखेरीला पाहिलं, तर निम्म्याहून जास्त टिंबं वसुलीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी आणि मुख्य कार्यालयाचा फोन येऊन गेल्यावर पडलेली! ‘माझंच काही चुकलं असेल’ हे मनातलं ओझं त्या कागदाने उतरवलं. उरलेल्या टिंबांना मात्र काही कारण सापडलं नाही, आणि ते शोधत बसणं आपलं कामही नाही.

अंदाज आला की पुढची पायरी सांभाळून घेण्याची. सह्यांचे कागद एकेक न नेता एकदम न्यायचे, नव्या मुलीला एकटीला आत पाठवायचं नाही, कर्जप्रकरणावर चर्चा दुपारच्या जेवणानंतर. यात गैर काही नाही. घरातसुद्धा आपण हेच करतो की!

पण ही उशी कुठवर लावायची? त्याच पतसंस्थेतली गोष्ट. संध्याकाळी रोख जुळवताना कॅशियरला एक हजार रुपये कमी भरले. मॅनेजर सकाळपासून तापलेले. सगळ्या म्हणाल्या, ‘आज नको गं, उद्या सांग.’ घाबरून तिने पर्समधले हजार भरले आणि रोख जुळवली. दुसऱ्या दिवशी मूड चांगला होता, पण आता काय सांगणार? चार दिवसांनी बाजाराच्या दिवशी एक आजी आल्या आणि खुद्द मॅनेजरांसमोरच हजार रुपये पुढे करून म्हणाल्या, ‘पोरी, त्या दिवशी जास्तीचे दिलेस.’ पैसे परत आले, पण तूट लपवली म्हणून हिला मेमो मिळाला. ‘असं आधी किती वेळा केलं?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिच्याकडे कागद नव्हता.

त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर? दिवसभराच्या स्लिपा उलटून पाहिल्या असत्या. आजींच्या स्लिपवर पुढे रक्कम चार हजार आणि मागे नोटांचा तपशील पाचशेच्या दहा, म्हणजे पाच हजार! चूक अर्ध्या तासात सापडली असती. ओरडा बसला असता, पण नोकरीवर डाग लागला नसता.

मेमो हिला मिळाला, पण मॅनेजरांचं काय? ज्यांच्या धाकाने वाईट बातमी दाराबाहेरच थांबते, त्यांना आपल्याच शाखेत काय चाललंय ते सर्वांत शेवटी कळतं, हे त्यांना कोण सांगणार?

या प्रसंगानंतर तिथल्या बायकांनी एक साधा नियम केला. रजा, बदली, नवी खुर्ची हे मूड पाहून. रोख, ग्राहकाची तक्रार आणि मुदतीचा कागद मात्र मूड न पाहता, त्याच दिवशी आणि लेखी. आत जायची हिंमत नसेल, तर चिठ्ठीवर तारीख, वेळ, रक्कम लिहून दोघींनी सह्या करायच्या आणि चिठ्ठी टेबलावर ठेवायची. एक प्रत आपल्याकडे. लिहिलेल्याला आवाज नसतो, त्यामुळे त्यावर आवाज चढवणंही अवघड जातं!

आणखी एक. ही उशी बहुतेक वेळा एकाच बाईची होते, वयाने मोठी आणि शांत स्वभावाची. सगळ्यांचे निरोप तीच आत नेते आणि स्वतःची रोजकीर्द मात्र सहानंतर पूर्ण करते. याला पगार नाही, नावही नाही. म्हणून आत जायच्या पाळ्या लावा.

आणि मूड म्हणून अर्वाच्य शिव्या किंवा अपमान होत असेल, तर तो मूड नव्हे. तारीख, शब्द आणि कोण हजर होतं ते वहीत लिहा आणि तिघी-चौघींनी मिळून संचालक मंडळाला लेखी द्या. लैंगिक स्वरूपाचं बोलणं-वागणं असेल, तर त्यासाठी 2013 चा वेगळा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

साहेबांचा राग झेलणं हे कामाच्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. रोख जुळवणं मात्र लिहिलेलं असतं. पहिल्यापायी दुसरं बिघडू देऊ नका.