शेजारच्या घरात विकेट पडते, तुमच्या मोबाईलवर बॉलर अजून रनअपला : हा उशीर येतो कुठून?

२९ जून २०२४. टी-२० वर्ल्ड कपची फायनल, शेवटची ओव्हर. आफ्रिकेला ६ बॉलमध्ये १६ रन हवेत, पहिल्याच बॉलवर मिलर उचलून मारतो आणि सूर्यकुमार बाउंड्रीवर तो कॅच घेतो. समजा, रत्नागिरीतल्या एखाद्या वाडीत एका घरात फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्स सुरू आहे आणि शेजारच्या पडवीत मोबाईलवर ॲप. पहिल्या घरात आरडाओरडा होतो, तेव्हा पडवीतल्यांच्या स्क्रीनवर हार्दिकने बॉल टाकलेलाही नसतो.

आता बघा, सॅटेलाइट जवळपास ३६ हजार किलोमीटरवर आहे. पण सिग्नल वर जाऊन खाली यायला लागतो फक्त पाव सेकंद. टीव्हीही मैदानाच्या काही सेकंद मागेच असतो, पण छत्रीवर सिग्नल सलग पडत राहतो.

ॲपचं तसं नाही. तिथे व्हिडिओचे तुकडे पाडतात. समजा, तुकडा ६ सेकंदांचा आहे. ते ६ सेकंद मैदानात घडून गेल्याशिवाय तुकडा पूर्णच होत नाही. त्यात तुमचा प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहून सुरुवात करतो, म्हणजे नेट अडखळलं तरी दाखवायला शिल्लक असावी. झाले १८ सेकंद. तुकडे तयार करणं, सर्व्हरपर्यंत पोचवणं धरलं की २५-३० सेकंद सहज होतात. टी-२०मध्ये एका बॉलमागे सरासरी ४० सेकंद जातात, म्हणजे तुम्ही जवळपास एक बॉल मागे.

मग तुकडे छोटे का करत नाहीत? करता येतात, काही ॲप करतातही. पण शिल्लक कमी झाली की रेंज जरा गेली तरी गोल फिरायला लागतो, आणि कोकणात रेंजचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. व्हिडिओ कॉलसारखं लगेच पोचवायचं तर प्रत्येकासाठी वेगळी लाइन चालू ठेवावी लागते. २०२३च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. तेच तयार तुकडे सगळ्यांना वाटता येतात, म्हणून एवढी गर्दी झेपते. थोडक्यात, हा उशीर बराचसा ठरवून ठेवलेला आहे.

न ठरवलेला उशीर वेगळा. मॅच मध्येच अडकली की बरेचसे प्लेअर जिथे थांबले तिथूनच पुढे चालतात. असं चार वेळा झालं की ३० सेकंदांचं मिनिट होतं आणि कळतही नाही. स्कोअर ॲपचा आकडा नेहमीपेक्षा जास्त पुढे दिसला तर हेच झालंय समजा. 'लाइव्ह' बटण दाबा, मधला भाग गाळून प्लेअर पुढे येतो. मूळचे २५-३० सेकंद मात्र राहतातच, कितीही महागडा रिचार्ज मारा.

आणि हो, मुसळधार पावसात छत्रीचा सिग्नल पार जातो. तेव्हा फ्री डिशवाले पडवीत येतात.