आधी बोर्ड उघडा, मग पॅनल मोजा

लोह्यात आता गल्लीगल्लीत छतावर सोलर दिसू लागलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि ज्या घरात वीजबिलावरून दर महिन्याला कुरबुर व्हायची, तिथे आता 'किती किलोवॅट बसवायचं?' ही चर्चा सुरू झाली. माझं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा, की छतावर तयार झालेली वीज घराच्या वायरिंगला नेमकी कुठे जोडणार? मी वायरिंगची कामं करतो. सोलरच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात, त्यातल्या बहुतेक पॅनलच्या नसतात, या जोडणीच्या असतात.

हे आपणच का विचारायचं, त्याला कारण आहे. २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जासाठी तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही आणि मंजूर भारही त्यानुसार वाढवून दिला जातो. अर्ज लवकर निघतात, हे चांगलंच झालं. पण तुमच्या घरातली जुनी वायर हा भार झेपेल का, हे त्या अर्जात कुणी विचारत नाही. ती जबाबदारी आपल्यावरच उरते.

आता किलोवॅटकडे येऊ. अनुदान २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये आहे. त्यापुढे ते वाढत नाही. तरीही 'इन्व्हर्टर ५ चाच घ्या, पुढे कामाला येईल' असा सल्ला सर्रास मिळतो. हिशेब करून पाहा. ५५० वॅटचे सहा पॅनल म्हणजे ३.३ किलोवॅट, पण हा आकडा पॅनल २५ अंशांवर असतानाचा आहे. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पॅनलच्या आतलं तापमान ६५ अंशांपर्यंत जातं. २५ च्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. ४० अंशांचे झाले १४ टक्के, म्हणजे हाती येतात जेमतेम २.८ किलोवॅट. या पॅनलना ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर पुरतो. हिवाळ्यातल्या एखाद्या स्वच्छ थंड दुपारी तो थोडी वीज कापेल, पण ते नुकसान किरकोळ आहे. आणि गरजेपेक्षा जास्त पॅनल लावून युनिट साठवत गेलात, तर आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटला मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

खरी गोची पुढे आहे. आपली घरं टप्प्याटप्प्याने वाढलेली असतात. खाली अब्बांनी बांधलेलं घर, वर भावांनी चढवलेला मजला. मीटर आणि मुख्य बोर्ड खाली, वर छोटी डबी, आणि दोन्हींच्या मध्ये २.५ चौरस मिलिमीटरची वायर. बसवणारा छतावरून वायर आणतो आणि जवळ पडते म्हणून वरच्याच डबीत जोडतो. वीस मिनिटांत काम होतं.

अशा घराचा हिशेब मांडू. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर २३० व्होल्टला साधारण १३ अँपिअर देतो. दुपारी घरात काही चालू नसेल तर हा सगळा प्रवाह त्या वायरने खाली मीटरकडे जातो. वायर ३० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं झालं. त्याचा रोध ०.४४ ओहमच्या आसपास. १३ गुणिले ०.४४, म्हणजे जवळपास ६ व्होल्ट. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला मीटरपेक्षा ६ व्होल्ट वर चढावं लागतं. ट्रान्सफॉर्मर जवळ असेल आणि दुपारी भार कमी असेल, तर मीटरपाशीच २४८ भरू शकतात. मग वर होतात २५४. नियमानुसार व्होल्टेज ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ वर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत बंद व्हायचं असतं. तो बंद होतो, थोडा थांबतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद होतो. भर उन्हात, नेमक्या कमाईच्या वेळी.

हे ओळखायचं कसं? मोबाइलवर दिवसाचा आलेख पाहा. अकरा ते दोनच्या दरम्यान त्याला करवतीसारखे दात दिसले, तर हाच आजार. अशा वेळी बसवणारा म्हणतो, दोष लाइनचा. लाइनमन म्हणतो, मीटरवर व्होल्टेज ठीक आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. जाणकाराकडून भर दुपारी मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. दोन्हींत पाच-सहाचा फरक आला तर दोष आपल्या वायरचा. फरक नगण्य आणि मीटरवरच २५३ च्या वर असेल, तर महावितरणकडे लेखी तक्रार करा. इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून घेण्याचा 'जुगाड' मात्र करू नका. तेच वाढलेलं व्होल्टेज वरच्या मजल्यावरचा फ्रिज आणि टीव्ही सोसतात.

वरच्या डबीत दुसरा धोकाही आहे. खालून तिला २० अँपिअरचा एमसीबी आहे असं समजा. आता त्यात सोलरचे १३ मिळाले. वरच्या मजल्याने ३३ अँपिअर ओढले तरी खालचा एमसीबी पडणार नाही, कारण त्याच्यातून २० च जातात. तापतात त्या डबीच्या आतल्या बारीक जोडवायरी.

दोन्हींवर उपाय एकच. सोलरसाठी ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर थेट खालच्या मुख्य बोर्डापर्यंत आणा आणि तिथे तिला २० अँपिअरचा स्वतंत्र, दोन पोलचा एमसीबी द्या. मग ६ व्होल्टची चढ अडीचवर येते. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर सोलर त्याच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला कधीच जोडू नका. लाइट गेली की बॅटरीच्या विजेलाच लाइन समजून सोलर सुरू होईल आणि ती वीज बॅटरीच्या इन्व्हर्टरमध्ये उलटी घुसेल. लाइट गेल्यावर साधं सोलर बंद पडणं हा बिघाड नाही, खांबावर चढलेल्या माणसाचं संरक्षण आहे.

राहिली निर्यात मर्यादा. नेट मीटर लागण्याआधीच सोलर चालू केलं, तर अनेक जुने मीटर बाहेर गेलेली वीजही वापरात धरतात आणि बिल उलट वाढतं. तोवर सोलर बंद ठेवा, किंवा निर्यात शून्यावर ठेवून घ्या. त्यासाठी सीटी नावाची कडी मीटर आणि बोर्डाच्या मधल्या वायरीवर बसते. घराचा सगळा प्रवाह तिच्यातून गेला पाहिजे. पाण्याची मोटर तिच्या आधीच जोडलेली असेल तर इन्व्हर्टरला तिचा भार दिसणारच नाही. तपासायला रात्री एक किलोवॅटची इस्त्री लावा. आकडा तेवढाच वाढला आणि वीज आत येताना दिसली, तर कडी बरोबर आहे. आत येण्याऐवजी बाहेर जाताना दिसली, तर कडी उलटी बसली आहे.

म्हणून दरपत्रक हातात आलं की पॅनलच्या कंपनीआधी तीन गोष्टी लिहून मागा: सोलर कोणत्या बोर्डात जोडणार, वायर किती जाडीची आणि किती मीटर, आणि नेट मीटर येईपर्यंत निर्यातीचं काय. आयटीआय केलेली मुलं आपल्या मोहल्ल्यात आहेत. सही करण्याआधी त्यांच्यापैकी एकाला बोर्ड उघडून दाखवा. जो विक्रेता हे तीन मुद्दे लिहून द्यायला तयार नाही, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.