सेटिंग बदलताना थांबलेला स्पिंडल : मशीन शॉपमधील सर्वांना आवाहन

ऑपरेटर, सेटर, हेल्पर, तसेच टूल स्टोअर, इन्स्पेक्शन आणि मेंटेनन्समधील सर्व सहकाऱ्यांना,

येत्या सोमवारपासून आपल्या शॉपमध्ये 5 एस सुरू करत आहोत. नको ते वेगळं काढणं, हवं ते जागेवर लावणं, मशीन पुसता पुसता तपासणं, तिन्ही पाळ्यांनी एकाच पद्धतीनं काम करणं आणि ती पद्धत मोडू न देणं, अशा याच्या पाच पायऱ्या आहेत. जपानी कारखान्यांतून, विशेषतः टोयोटाच्या कामाच्या पद्धतीबरोबर, हे जगभर पसरलं. तुमच्यातल्या अनेकांनी ते याआधीही पाहिलं असेल, आणि बहुतेकांच्या लक्षात राहिलं असेल ते ऑडिटच्या आधीच्या आठवड्यातलं रूप: जमिनीला रंग, पिवळे पट्टे, भिंतीवर बोर्ड, आणि पाहुणे गेले की पुन्हा पहिल्यासारखं. त्यामुळे ‘पुन्हा तेच’ असं कोणाच्या मनात आलं तर त्यात नवल नाही. म्हणूनच या वेळी रंगाचा डबा अगदी शेवटी उघडायचा आहे. तेल गळणाऱ्या मशीनखाली रंग दिला तर तो काही दिवसांत पोपडे धरून निघतो. आधी गळती थांबली पाहिजे.

सुरुवात सीएनसी लेथच्या ओळीत, सेटिंग बदलण्याच्या कामापासून करू. जुन्या जॉबचा शेवटचा चांगला पीस निघाल्यापासून नव्या जॉबचा पहिला चांगला पीस इन्स्पेक्शनमध्ये पास होईपर्यंतचा वेळ म्हणजे आपला सेटिंगचा वेळ. या वेळात सेटरच्या शेजारी उभं राहून पाहिलं तर त्याचे हात चकवर थोडा वेळ असतात आणि पाय बराच वेळ चालत असतात. ॲलन की शेजारच्या मशीनवर, बोरिंग बार कोणाच्या तरी कपाटात, डायल इन्स्पेक्शनकडे, आणि सॉफ्ट जॉ रॅकमागच्या ढिगात. समजा एका सेटिंगमध्ये शोधाशोधीची फक्त 10 मिनिटं गेली आणि एका मशीनवर दिवसाला दोन सेटिंग झाली. 25 दिवसांत 500 मिनिटं झाली, म्हणजे त्या एका मशीनची एक अख्खी पाळी. सेटर मंद आहे म्हणून ती जात नाही. वस्तूला जागा नाही म्हणून जाते.

वेळेपेक्षा मोठं नुकसान जॉबचं होतं, आणि ते सॉफ्ट जॉवर नीट दिसतं. आपल्या नेहमीच्या फ्लँजचं उदाहरण घ्या. पहिल्या ऑपरेशनमध्ये बाहेरचा व्यास टर्न होतो. दुसऱ्यात तोच व्यास सॉफ्ट जॉमध्ये धरून आतलं बोअर करायचं असतं, आणि बाहेरच्या व्यासाच्या मानानं बोअरचा रन-आउट 0.05 मिमीच्या आत हवा असतो. हे जॉ ज्या चकवर, ज्या जागी बसवून बोअर केलेले असतात त्याच चकवर आणि त्याच जागी ते खरे बसतात. एक नंबरचा जॉ दोन नंबरच्या खाचेत गेला की खरेपणा संपला. एखादा जॉ एक दाता पुढेमागे बसला तर ते लगेच कळतं, कारण 1.5 मिमी पिचच्या सेरेशनवर जॉब डोळ्यांना दिसेल इतका वाकडा फिरतो. जॉची अदलाबदल झाली तर चूक शतांशात असते. डोळ्यांना काही दिसत नाही, मशीन सुरळीत चालतं, आणि धरलेल्या व्यासावर डायल लावल्याशिवाय 0.08 मिमीचा रन-आउट समजत नाही. घाईत डायल न लावता बॅच सोडली तर सगळा माल रिजेक्शनच्या क्रेटमध्ये जातो.

डायल लावून चूक पकडली तरी जॉ पुन्हा बोअर करावे लागतात. बोअर केल्यावर त्यांचा व्यास वाढतो आणि जॉब पूर्ण कमानीवर टेकत नाही, म्हणून तिन्ही जॉ एक दाता आत सरकवून पुन्हा कट घ्यावा लागतो. धड असलेल्या जॉचं मटेरियल असं उगाच खर्ची पडतं, आणि असं काही वेळा झालं की तो सेट भंगारात.

म्हणून जागच्या जागी लावण्याची सुरुवात जॉच्या रॅकपासून होईल. प्रत्येक जॉवर मशीन नंबर, जॉब नंबर आणि 1, 2 किंवा 3 हा आकडा पंच करायचा. तिघांचा एक सेट एकाच ट्रेमध्ये राहील, ट्रेमध्ये तीनच खाचा असतील, म्हणजे एक जॉ नसेल तर रॅकसमोरून जाणाऱ्यालाही ते दिसेल. बोअर केलेला व्यास आणि बाहेरच्या कडेकडून मोकळे दिसणारे सेरेशनचे दाते यांची नोंद ट्रेच्या चिठ्ठीवर राहील, मग पुढच्या सेटरला अंदाज करावा लागणार नाही. ठेवण्याआधी सेरेशनमधली चिप ब्रशनं काढून तेलाचा हलका हात फिरवा. तिथे अडकलेली एक बारीक चिपसुद्धा जॉ उचलून धरते आणि वर सांगितलेलाच घोटाळा होतो. जड चक आणि फिक्श्चर कमरेच्या उंचीवर असतील, डोक्याच्या वर नाहीत आणि वाकून ओढावे लागतील असे जमिनीवरही नाहीत. एवढं करूनही सेटिंगनंतर डायल लावायचाच. रॅकमुळे चूक कमी होईल, पण डायलची जागा रॅक घेऊ शकत नाही.

हे सगळं लावायला आधी जागा मोकळी करावी लागेल, आणि नको ते काढण्याच्या कामात सर्वांत जास्त भांडणं होतात. नियम असा राहील. जी वस्तू लागते की नाही याची खात्री नाही तिला लाल टॅग बांधायचा. त्यावर वस्तूचं नाव, तारीख, टॅग बांधणाऱ्याचं नाव आणि कारण लिहायचं. टॅग बांधलेली वस्तू स्टोअरशेजारच्या आखलेल्या चौकोनात 30 दिवस राहील. त्या काळात कोणीही येऊन, कोणत्या जॉबला लागते ते सांगून, ती परत नेऊ शकेल. कोणी आलं नाही तरी ती आपोआप भंगारात जाणार नाही. सेटर, स्टोअर आणि मी एकत्र पाहून ठरवू.

तीन वस्तूंना एरवीचा नियम लागू नाही. ग्राहकानं दिलेली फिक्श्चर आणि गेज ही आपली मालमत्ता नाही, ती ग्राहकाला विचारल्याशिवाय हलवायची नाहीत. वर्षातून एकदाच येणाऱ्या जॉबचं टूलिंग फेकायचं नाही, मागच्या रॅकवर नाव लिहून ठेवायचं. आणि कॅलिब्रेशनची मुदत संपलेलं मायक्रोमीटर किंवा बोअर गेज लाल टॅगच्या चौकोनात न ठेवता थेट इन्स्पेक्शनकडे द्यायचं. ते चौकोनात पडलेलं राहिलं तर रात्री गरजेला कोणीतरी उचलून वापरेल.

आता कपाटांबद्दल स्पष्ट बोलतो. अनेकांच्या कपाटात इन्सर्टच्या पेट्या, कोलेट, ड्रिल, चांगल्या ॲलन की आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. माणूस अशी वस्तू लपवतो ती चोरीसाठी नाही. तिसऱ्या पाळीत स्टोअरला कुलूप असतं, इन्सर्ट तुटलं की मशीन सकाळपर्यंत उभं राहतं आणि सकाळी जाब त्यालाच विचारला जातो. हे कारण तसंच ठेवून कपाटं उघडली तर आठवड्यात पुन्हा भरतील. म्हणून रात्रीच्या पाळीसाठी पर्यवेक्षकाकडे एक पेटी राहील. चालू जॉबची इन्सर्ट, स्क्रू आणि शिम ठरलेल्या संख्येनं तिच्यात असतील आणि स्टोअर रोज सकाळी ती भरेल. पेटी सुरू झाल्यानंतरच कपाटं रिकामी करायची आहेत. तेव्हा जे बाहेर येईल त्याबद्दल कोणालाही एकही प्रश्न विचारला जाणार नाही, आणि हा माझा शब्द आहे.

मशीन पुसण्याचं काम हेल्परचं समजलं जातं. ते आता ऑपरेटरनं करायचं आहे, कारण पुसताना जे दिसतं त्याचा अर्थ त्यालाच लागतो. खंडेनवमीला आपण मशीन कोपरानकोपरा पुसतो आणि त्याच दिवशी नेमका कुठला तरी फुटका होज किंवा सैल बोल्ट सापडतो. पुसलेल्या पत्र्यावर दोन तासांत आलेला तेलाचा ओघळ कुठून सुरू होतो ते बोटानं दाखवता येतं; जुन्या थरावर ते कोणालाच कळत नाही.

कूलंटच्या टाकीकडे विशेष लक्ष द्या. साप्ताहिक सुट्टीनंतर मशीन सुरू करताना सडका वास आला तर तो कूलंट जुना झाल्याचाच असतो असं नाही. स्लाइडवेचं तेल टाकीत उतरून वर थर धरतं, त्याखाली हवा पोचत नाही, आणि बंद मशीनच्या शांत टाकीत जंतू वाढतात. पाळी संपताना वरचं तेल काढायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरनं प्रमाण पाहून नोंद करायची. प्रमाण आपल्या कूलंटच्या डब्यावर दिलंय तेवढंच ठेवा. पातळ झालं तर गंज आणि वास येतो, घट्ट झालं तर हाताची कातडी जळजळते. तेल रोज जास्त निघत असेल तर ल्युब्रिकेशनची लाइन कुठेतरी गळते आहे किंवा पंप जास्त सोडतो आहे. मेंटेनन्सला त्याच दिवशी कळवा.

आतून साफ करताना मेन स्विच बंद हवा. चिप हुकनं आणि ब्रशनं काढा, हातानं कधीच नाही. एअर गननं मशीन उडवू नका. चिप वायपरखाली आणि स्पिंडलच्या सीलकडे ढकलली जाते, आणि उडालेली डोळ्यात जाते. तेलकट वेस्ट झाकणाच्या लोखंडी डब्यातच टाका.

पद्धत ठरवण्याचं काम मी टेबलवर बसून करणार नाही. पहिल्या दोन मशीनवर जे जमलं त्याचा फोटो आणि पाळी संपतानाच्या कामांची एका पानाची यादी त्याच मशीनवर लावू. ही कामं 10 मिनिटांत झाली पाहिजेत आणि ती 10 मिनिटं उत्पादनाच्या आकड्यातून वजा होतील. ती वजा केली नाहीत तर ऑपरेटर पीस काढेल आणि पुसणं सोडेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. पुढच्या पाळीच्या ऑपरेटरनं यादी पाहूनच मशीन ताब्यात घ्यायचं.

टिकवण्यासाठी गुणांचा तक्ता लावणार नाही. गुण मोजू लागलो की लोक गुणांसाठी पुसतात. मी रोज एका मशीनसमोर उभा राहीन आणि तीनच गोष्टी पाहीन: जॉच्या ट्रेमध्ये रिकामी खाच आहे का, टाकीवर तेल आहे का, आणि काल लिहिलेली तक्रार मेंटेनन्सनं सोडवली का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सलग ‘नाही’ येत राहिलं तर ऑपरेटर लिहिणं बंद करतील, म्हणून त्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

सोमवारी पहिल्या पाळीत लाल टॅगचे गठ्ठे स्टोअरमध्ये मिळतील. त्याआधी सेटर मंडळींना एक विनंती आहे. उद्यापासून प्रत्येक सेटिंगमध्ये काय शोधावं लागलं, ते कुठे सापडलं आणि स्पिंडल किती मिनिटं थांबला, हे सेटिंग रजिस्टरमध्ये एका ओळीत लिहा. रॅकवर पहिली जागा कशाला द्यायची ते त्या ओळींवरून ठरेल.

तुमचा,
मशीन शॉप प्रमुख