कच्चा खर्डाही जपा
सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात २०१० साली आले, तेव्हापासून शिक्षक वर्णनात्मक नोंदी लिहीत आहेत. पण मुलाने स्वतःच्या लेखनाची नोंद करणे अजूनही फारसे रुजलेले नाही. इटियाडोह धरणाजवळच्या एखाद्या शाळेतली सहावीची मुलगी घ्या. जुलैत ती लिहिते, ‘धरण खूप मोठे आहे. मला धरण आवडते.’ सोबतच्या पडताळा सूचीत ‘मी स्वतः पाहिलेली गोष्ट लिहिली’ यापुढे ती बिनदिक्कत बरोबरची खूण करते. नुसत्या खुणा मागितल्या की सगळी मुले असेच करतात. म्हणून सूचीत चारच प्रश्न ठेवावेत आणि खूण करण्याआधी पुरावा असलेल्या वाक्याखाली रेघ मारायला सांगावे. रेघ मारायला वाक्य सापडले नाही, की तिचे तिलाच कळते. मग ती सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याचे तुषार तोंडावर आल्याचे लिहिते. ‘पाणी’ऐवजी झाडीबोलीतले ‘पानी’ आले, तरी पहिल्या खर्ड्यात तिथे लाल शाई नको. शुद्धलेखन शेवटच्या प्रतीत पाहावे. संचिकेत मात्र दोन्ही प्रती तारखेसह लावाव्यात. नुसत्या सुवाच्य प्रती ठेवल्या, तर वाढ मुलीची की बाईंच्या दुरुस्तीची, हे ओळखता येत नाही. दिवाळीआधीच्या लेखासाठी तिने स्वतःला जुलैपेक्षा कमी खुणा दिल्या, तर घाबरू नये. दोन्ही लेखांवर बाईंनी वेगळ्या कागदावर केलेल्या खुणा शेजारी ठेवाव्यात. दोघींच्या खुणांमधले अंतर कमी झाले असेल, तर तिची नजर तयार होते आहे.